लस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घरातच कोंडायचं का? पहिल्या चार महिन्यांत सुरक्षितपणे जग कसं दाखवायचं?

घरात दोन महिन्यांचं पिल्लू आलं की दोन सल्ले हमखास मिळतात. डॉक्टर म्हणतात, "सगळी इंजेक्शनं होईपर्यंत बाहेर नेऊ नका." कुत्रा पाळणारा एखादा अनुभवी शेजारी म्हणतो, "आत्ताच माणसांत फिरवा, नाहीतर भित्रं होईल आणि पुढे चावेल." दोघांचंही म्हणणं बरोबर आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे.

अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावात ही अडचण जास्त टोकदार होते. मोठ्या शहरांत पिल्लांसाठी खास वर्ग भरतात. तिथे फक्त लस घेतलेली पिल्लं येतात आणि फरशी रोज धुतली जाते. तालुक्याच्या गावात अशी सोय सहसा नसते. उलट दारासमोरच मोकाट कुत्री असतात, नाल्या असतात, उकिरडा असतो. त्यामुळे बहुतेक घरांत दोनपैकी एकच टोक गाठलं जातं. काही जण पिल्लाला चार महिने गच्चीवर किंवा मागच्या अंगणात बांधून ठेवतात. काही जण पहिल्याच आठवड्यात त्याच्या गळ्यात पट्टा घालून रस्त्यावर फिरवतात. पहिल्यात कुत्रा आयुष्यभरासाठी भित्रा होऊ शकतो, दुसऱ्यात पिल्लू आठवडाभरात दगावू शकतं.

या दोन टोकांच्या मध्ये एक वाट आहे. ती समजायची तर पिल्लाच्या अंगात एकाच वेळी चालणारी दोन कॅलेंडरं आधी समजून घ्यावी लागतात.

पहिलं कॅलेंडर: लस एकदा देऊन का भागत नाही?

गाय व्याल्यावर पहिल्या दिवसांत जे घट्ट दूध येतं त्याला आपण चीक म्हणतो. कुत्रीलाही असा चीक येतो. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसभरात पिल्लू तो पितं आणि आईच्या शरीरातली रोगांशी लढणारी प्रथिनं, म्हणजे अँटीबॉडी, त्याला आयत्या मिळतात. पहिले काही आठवडे पिल्लू जगतं ते याच उसन्या संरक्षणावर.

पण याच अँटीबॉडी लशीच्या आड येतात. लशीत रोगाचा अशक्त केलेला विषाणू असतो. आईकडून आलेल्या अँटीबॉडीला खरा विषाणू आणि लशीतला विषाणू यांतला फरक कळत नाही. ती दोघांनाही निकामी करते. पिल्लाला इंजेक्शन मिळतं, कार्डावर शिक्का बसतो, पण शरीर काहीच शिकत नाही.

हे उसनं संरक्षण हळूहळू विरत जातं. एखाद्या पिल्लात ते आठव्या आठवड्यालाच संपतं, तर एखाद्यात सोळाव्या आठवड्यापर्यंत टिकतं. एकाच वेतातल्या दोन भावंडांतही फरक असू शकतो. पिल्लाकडे नुसतं पाहून हे ओळखता येत नाही.

म्हणून डॉक्टर एकच लस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा देतात. बऱ्याच लोकांना वाटतं की पहिल्या डोसाने थोडी ताकद येते, दुसऱ्याने आणखी, तिसऱ्याने पूर्ण. प्रत्यक्षात हे डोस म्हणजे एकाच दारावर पुन्हा पुन्हा दिलेल्या थापा आहेत. आईच्या अँटीबॉडी ज्या दिवशी पुरेशा कमी झालेल्या असतील, त्या दिवशीची थाप लागू पडते. छोट्या प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेची, म्हणजे डब्ल्यूएसएव्हीएची, शिफारस अशी आहे की पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात द्यावी आणि शेवटची वयाच्या सोळाव्या आठवड्याला किंवा त्यानंतर. बाराव्या आठवड्यालाच "दोन झाले, पुरे" म्हणून थांबणारी माणसं सगळ्यात महत्त्वाचा डोस चुकवत असतात.

यात आणखी एक धोकादायक काळ असतो. उसन्या अँटीबॉडी खऱ्या विषाणूला रोखण्याइतक्या उरलेल्या नसतात, पण लशीला हाणून पाडण्याइतक्या मात्र शिल्लक असतात. या काही दिवसांत किंवा आठवड्यांत पिल्लू उघडं पडतं. "एक इंजेक्शन झालं होतं, तरी पिल्लू कसं गेलं?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

दुसरं कॅलेंडर: मेंदूचं दार कधी मिटतं?

दुसरं कॅलेंडर मेंदूचं आहे. जन्मानंतर साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचा मेंदू जगाची एक यादी बनवत असतो: काय नेहमीचं आणि काय परकं. या काळात जे दिसतं, ऐकू येतं, अंगाला लागतं आणि त्यातून काही वाईट घडत नाही, ते "नेहमीचं" या रकान्यात जातं. त्यानंतर समोर येणाऱ्या नव्या गोष्टीची आधी भीती वाटू लागते.

अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत हे तपासलं गेलं होतं. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पिल्लांना उंच कुंपणाच्या मैदानात आईसोबत वाढवलं गेलं. त्यांना माणसाचा सहवास मिळू दिला नाही. मग दोन, तीन, पाच, सात आणि नऊ आठवड्यांच्या वयाला वेगवेगळ्या पिल्लांना फक्त एक आठवडा माणसांत ठेवलं गेलं. उरलेल्या पिल्लांचा माणसांशी पहिला संबंध थेट चौदाव्या आठवड्याला आला. ही शेवटची पिल्लं माणसाला पाहून रानटी जनावरासारखी बिथरायची आणि नंतर प्रयत्न करूनही नीट माणसाळली नाहीत. बाकीच्यांना मिळाला होता तो फक्त एक आठवडा, पण योग्य वयातला.

आता ही दोन कॅलेंडरं शेजारी ठेवून पाहू. समजा, पिल्लाचा जन्म १ जूनचा आहे. आठ आठवडे पूर्ण होऊन ते २७ जुलैला बार्शीटाकळीतल्या घरी येतं आणि त्याच आठवड्यात त्याला पहिली लस मिळते. दुसरा डोस २४ ऑगस्टला, म्हणजे बाराव्या आठवड्याला. चौदा आठवडे ७ सप्टेंबरला पूर्ण होतात, तेव्हा मेंदूचं दार जवळपास मिटलेलं असतं. शेवटची लस मात्र २१ सप्टेंबरला आहे आणि तिचा परिणाम दिसायला आणखी आठवडा-दोन आठवडे लागतात.

लस पूर्ण होण्याची वाट पाहायची ठरवली, तर पिल्लू पहिल्यांदा बाहेर पडेल ते ऑक्टोबरच्या तोंडावर, दार मिटून तीन-चार आठवडे झाल्यावर. २७ जुलै ते ७ सप्टेंबर हे ४२ दिवस हातातून निघून गेलेले असतील. खरा हिशेब या ४२ दिवसांचा आहे.

रोग नेमका कुठून येतो?

ही वाट सापडते ती एका साध्या फरकातून. शिकवण डोळे, कान आणि नाकातून मेंदूत जाते. सगळ्यात घातक रोग मात्र बहुतेक वेळा जमिनीवरून येतो.

त्यातलं मुख्य नाव पार्वो. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून हा विषाणू बाहेर पडतो आणि पिल्लाच्या तोंडावाटे आत जातो. पिल्लू जमीन हुंगतं, चाटतं, मग पंजे चाटतं, एवढं पुरतं. अंगात शिरल्यावर साधारण तीन ते सात दिवसांत लक्षणं दिसतात. हा विषाणू फार चिवट आहे. सावलीतल्या ओलसर मातीत तो कित्येक महिने टिकतो. विष्ठा वाहून गेली, जागा वरवर स्वच्छ दिसली, तरी तो तिथे असू शकतो. पावसाळ्यातलं ओलं, सावलीचं अंगण त्याला मानवतं. उन्हाने तडकलेल्या मोकळ्या जागेत तो तुलनेने लवकर नष्ट होतो.

दुसरा रोग डिस्टेंपर. तो प्रामुख्याने आजारी कुत्र्याच्या श्वासातून, शिंकेतून, डोळ्या-नाकाच्या स्रावातून पसरतो, म्हणजे जवळच्या संपर्कातून. उघड्यावर तो फार काळ टिकत नाही. तिसरा रेबीज, तो पिसाळलेल्या जनावराच्या चाव्यातून येतो. त्याची लस साधारण तीन महिन्यांच्या वयाला दिली जाते, म्हणजे त्याआधी पिल्लाला त्यापासून काहीच संरक्षण नसतं. पावसाळ्यात यात लेप्टोची भर पडते. उंदीर-घुशींच्या लघवीने दूषित झालेल्या डबक्यातून तो होतो.

या चारही वाटा पाहिल्या की नियम आपोआप तयार होतो. पिल्लाचे पाय गावातल्या रस्त्याला लागू द्यायचे नाहीत. अनोळखी कुत्र्याशी नाकाला नाक लावू द्यायचं नाही. साचलेलं पाणी पिऊ द्यायचं नाही. मात्र त्याचे डोळे, कान आणि नाक उघडं ठेवायचं. थोडक्यात, पिल्लाला बाहेर न्यायचं, पण उचलून.

हा मधला मार्ग जगभरातले जाणकारही मान्य करतात. अमेरिकेतल्या पशुवर्तन तज्ज्ञ पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ साली भूमिका जाहीर केली की पिल्लांना सात-आठ आठवड्यांपासून स्वच्छ जागेतल्या वर्गांत आणता येईल. अट एवढीच की किमान एक लस आधी सात दिवस झालेली असावी आणि जंताचं औषध दिलेलं असावं. २०१३ साली अमेरिकेतल्या चार शहरांमधल्या २१ दवाखान्यांतून १,०१२ पिल्लांची माहिती तपासली गेली. त्यातली ४८ लस घेतलेली पिल्लं अशा वर्गांना जात होती आणि त्यांतल्या एकालाही पार्वो झाला नाही. ४८ हा आकडा लहान आहे आणि ते वर्ग धुतलेल्या फरशीवरचे होते. त्यामुळे या अभ्यासाचा आधार घेऊन आपल्याकडच्या रस्त्यावर पिल्लू सोडता येणार नाही. त्यातून समजतं ते इतकंच की जागा आणि सोबती निवडले तर धोका खूप कमी होतो.

आधी घराची तयारी

पहिला प्रश्न असा: या घरात किंवा अंगणात गेल्या वर्षभरात एखादं पिल्लू रक्ताची हगवण लागून मेलं आहे का? उत्तर "हो" असेल, तर पिल्लू आणण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं. माती निर्जंतुक करता येत नाही. अशा अंगणात शेवटची लस होईपर्यंत पिल्लाला उतरवूच नये.

फरशी मात्र साफ करता येते. आधी साबणाने घासून सगळी घाण काढायची, कारण घाणीवर औषध चालत नाही. मग साधं, सुवास नसलेलं ब्लीच वापरायचं. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइटचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असेल, तर एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण करून फरशीवर दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं आणि मग धुवायचं. नेहमीचं फिनेल किंवा अँटिसेप्टिक द्रव यांवर पार्वोसाठी भरवसा ठेवू नये. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अॅसिड कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

दुसरं काम सोपं आहे आणि आपल्याकडे त्याची सवयही आहे. चपला दाराबाहेर. पार्वो चपलेच्या तळव्याला, गाडीच्या चाकाला लागून घरात येतो. पाहुणे आले तर चपला बाहेर, हात धुतलेले आणि मगच पिल्लू मांडीवर. ज्यांच्या घरी सध्या कुत्रा आजारी आहे, त्यांनी काही आठवडे पिल्लाला भेटायला न आलेलंच बरं.

दवाखान्यातही तीच काळजी घ्यावी. आजारी कुत्री तिथेच येतात, त्यामुळे पिल्लाला खाली सोडायचं नाही. आपला नंबर येईपर्यंत शक्य असेल तर बाहेर, मांडीवरच घेऊन थांबायचं. तपासणीच्या टेबलावर घरून नेलेला टॉवेल अंथरता येतो.

४२ दिवस कसे वापरायचे?

आपलं १ जूनला जन्मलेलं पिल्लू २७ जुलैला घरी आलं आहे. पहिला आठवडा घराचाच. मिक्सर, कुकरची शिट्टी, झाडू, पंखा, टीव्ही, भांडी पडल्याचा आवाज, हे सगळं त्याच्यासाठी नवं आहे. कुकर लावताना पिल्लू दुसऱ्या खोलीत असावं आणि शिट्टी होताच त्याला उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा मिळावा. दोन-तीन दिवसांनी ते शिट्टी ऐकून दचकण्याऐवजी माणसाच्या हाताकडे पाहू लागतं. पुढच्या सगळ्या आठवड्यांत वापरायची पद्धत हीच आहे: आधी नवी गोष्ट, लगेच मागून खाऊ.

याच आठवड्यात पायाखालच्या गोष्टी घरातच करून घेता येतात. गोणपाट, ताडपत्री, ओली फरशी, जमिनीवर उपडी ठेवलेली परात. रोज एक-दोन मिनिटं पंजे हातात धरायचे, कान पाहायचे, ओठ उचलून दात पाहायचे आणि प्रत्येक वेळी खाऊ द्यायचा. पुढे दहा वर्षं दवाखान्यात तीन माणसांनी धरून ठेवायची वेळ येईल की नाही, ते या दोन मिनिटांवर बऱ्याच अंशी ठरतं.

दुसऱ्या आठवड्यापासून, म्हणजे पहिल्या लशीला सात दिवस झाल्यावर, पिल्लू बाहेर निघतं, पण कडेवर. एक हात छातीखाली, एक हात मागच्या पायांखाली. अंगाला छातीपट्टा आणि त्याची दोरी मनगटाला गुंडाळलेली, कारण घाबरलेलं पिल्लू हातातून उडी मारतं. जड वाटत असेल तर जुनी चादर अंथरलेली दुरडी किंवा खांद्याला अडकवलेली मोठी पिशवीही चालते. मोटारसायकलवर पिल्लाला टाकीवर बसवू नये. मागे बसलेल्या माणसाच्या पिशवीत ते सुरक्षित असतं.

कुठे न्यायचं? सुरुवात घराच्या ओट्यापासून. संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं मांडीवर घेऊन बसलं, की सायकली, ट्रॅक्टर, बकऱ्यांचा कळप, बैलजोडी, शाळेतून सुटलेली मुलं हे सगळं आपोआप समोरून जातं. पुढच्या आठवड्यात बसस्थानकाच्या बाहेर, गर्दीपासून लांब. मग अकोला-पूर्णा मार्गावरच्या बार्शीटाकळी रेल्वे स्थानकाजवळ, पण फलाटावर नाही. गाडीचा आवाज ऐकू येईल आणि तरी पिल्लू खाऊ खाईल, इतक्या अंतरावर.

माणसांचे प्रकारही मोजून घ्यावेत. पिल्लाला "माणूस" अशी एकच गोष्ट कळत नाही. धोतर-टोपीतले आजोबा, डोक्यावर पदर घेतलेली बाई, बुरखा घातलेली बाई, हेल्मेट घातलेला तरुण, काठी टेकत चालणारा माणूस, पावसात छत्री उघडणारा माणूस हे सगळे त्याच्यासाठी वेगवेगळे असतात. बार्शीटाकळीच्या एका गल्लीत हे सगळे भेटतात. यातलं कोणीही पिल्लाला हात लावला पाहिजे असं नाही. दिसले, खाऊ मिळाला, काही वाईट झालं नाही, एवढं बस.

मुलांच्या बाबतीत मात्र नियम कडक हवा. एका वेळी एक मूल, ते खाली बसलेलं, पिल्लू मोठ्या माणसाच्या मांडीवर. मुलाने हात पुढे करायचा आणि पिल्लू स्वतःहून आलं तरच गळ्याखाली खाजवायचं. पाच मुलांनी घेरून, आळीपाळीने उचलून पाहिलेलं पिल्लू मुलांना घाबरायला शिकतं.

आणि इतर कुत्री? अनोळखी कुत्रा नकोच. पण ओळखीच्या घरातला एखादा मोठा, शांत, सगळ्या लशी आणि रेबीजची लस वेळेवर झालेला, पिल्लांवर न गुरगुरणारा कुत्रा असेल, तर त्याची भेट मोलाची असते. ती त्या घराच्या किंवा आपल्या घराच्या धुतलेल्या फरशीवर व्हावी. असा एकच कुत्रा मिळाला तरी पुरे. तोही मिळाला नाही, तर रस्त्यावरची कुत्री कडेवरून, लांबून दाखवायची.

याच दिवसांत वऱ्हाडात आवाजांचा मोसम असतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात राजराजेश्वराला जल वाहणाऱ्या कावडी ढोल-ताशांच्या गजरात निघतात, मग पोळा, मग गणपती. आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लाला मिरवणुकीत नेणं ही चूकच. त्याआधी दोन आठवडे मोबाइलवर ढोल, डीजे आणि फटाक्यांचे आवाज अगदी हळू लावायचे, पिल्लू जेवत असताना. दर दोन-तीन दिवसांनी आवाज किंचित वाढवायचा. मिरवणुकीच्या दिवशी पिल्लू आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा चालू आणि सोबत घरातलं एक माणूस असावं.

जास्त झालं हे कसं ओळखायचं?

समाजाची ओळख करून देणं म्हणजे गर्दीत नेणं नव्हे. इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. आठवडी बाजारात अर्धा तास फिरवलेलं पिल्लू गप्प बसून राहिलं, तर लोक म्हणतात, "बघा, किती शांत आहे." ते शांत नसतं, भीतीने गोठलेलं असतं. त्याचा मेंदू त्या अर्ध्या तासात बाजाराला "परकं आणि धोकादायक" या रकान्यात टाकत असतो.

सगळ्यात सोपी कसोटी खाण्याची आहे. भुकेलं पिल्लू आवडता तुकडा समोर असूनही खात नसेल, तर आपण फार जवळ आलो आहोत. त्याआधी काही बारीक खुणा दिसतात: पुन्हा पुन्हा ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, कान मागे, शेपूट पोटाखाली, तोंड फिरवणं, धाप लागणं. अशा वेळी "काही नाही होत" म्हणत पुढे न्यायचं नाही. दहा-वीस पावलं मागे जायचं. पिल्लू खायला लागलं, तिथे एक-दोन तुकडे देऊन घरी परतायचं. भेदरलेल्या पिल्लाला जवळ घेतल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे. त्याला धीर जरूर द्यावा.

एका फेरीत एकच नवी गोष्ट, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून एकदा किंवा दोनदा. ४२ दिवसांत साठेक चांगल्या फेऱ्या होतात. एखादा दिवस पावसाने गेला तरी बिघडत नाही, पण एक जबर भीतीचा प्रसंग निस्तरायला महिने लागू शकतात. उन्हाळ्यात आणलेल्या पिल्लासाठी या फेऱ्या सूर्योदयाच्या आसपास आणि सूर्यास्तानंतरच व्हायला हव्यात. एप्रिल-मेमधलं अकोल्याचं दुपारचं ऊन लहान पिल्लाला सोसत नाही.

धोक्याची लक्षणं दिसली तर?

एवढी काळजी घेऊनही धोका शून्य होत नाही. पिल्लू अचानक मलूल झालं, खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या आणि मग पातळ, उग्र वासाची, कधी रक्त मिसळलेली हगवण लागली, तर पार्वोची शंका घ्यावी. उद्या सकाळपर्यंत थांबायचं नाही. उपचाराविना बहुतेक पिल्लं अंगातलं पाणी कमी होऊन आणि रक्तात संसर्ग पसरून दगावतात. वेळेवर सलाइन आणि उपचार मिळाले, तर बरीच वाचतात. विषाणू मारणारं हमखास औषध नाही. उपचार असतो तो शरीराला तग धरायला लावण्याचा, म्हणून तास महत्त्वाचे. आधी स्थानिक डॉक्टरांना फोन करावा. गरज पडल्यास अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. निघताना फोनवर "पार्वोची शंका आहे" असं सांगितलं, तर दवाखान्यातल्या इतर पिल्लांचाही जीव वाचू शकतो. घरगुती उपाय म्हणून दूध, ताक किंवा माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या देऊ नयेत.

माणसांसाठीही एक सूचना आहे. पिल्लू लहान आहे म्हणून त्याला रेबीज नसेलच असं नाही, विशेषतः रस्त्यावरून उचलून आणलेल्या, आईची माहिती नसलेल्या पिल्लाच्या बाबतीत. खेळताना दात लागून रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवायचं. हळद, चुना, मिरची लावायची नाही.

आणि चौदा आठवडे उलटून गेले असतील तर?

दार मिटतं म्हणजे कुलूप लागतं असं नाही. चार-पाच महिन्यांचं, कोंडून वाढलेलं कुत्रंही शिकतं. पद्धत तीच, फक्त अंतर जास्त ठेवावं लागतं आणि जी गोष्ट दहा आठवड्यांचं पिल्लू दोन दिवसांत स्वीकारतं, तिला दोन महिने लागू शकतात. काही कुत्र्यांची अनोळखी माणसांची भीती पूर्ण जात नाही. गुरगुरणं किंवा चावायला धावणं सुरू झालं असेल, तर मारझोड न करता पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. मारल्याने गुरगुरणं थांबतं, भीती नाही, आणि मग कुत्रा इशारा न देता चावतो.

आपल्या पिल्लाला २१ सप्टेंबरला शेवटची लस मिळाली. आणखी आठवडा-दोन आठवडे थांबून, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, ते पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर रस्त्यावर उतरेल. त्या दिवशी त्याच्यासाठी नवी असेल ती फक्त पायाखालची माती. ट्रॅक्टर, बकऱ्या, छत्री, शाळेची मुलं हे सगळं त्याने कडेवरून आधीच पाहिलेलं असेल.